खांद्यावरचा हात

पत्र

आमच्या लग्नाला सात वर्षं झाली. मुलगी दहा महिन्यांची आहे, अजून अंगावर पिते. डिलिव्हरी नॉर्मल झाली, टाके पडले होते. सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी "आता काही हरकत नाही" असं सांगितलं. त्यानंतर आम्ही दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तिनं मध्येच थांबवलं. त्यालाही आता पाच महिने होतील. ते एक वेळ मी समजू शकतो, पण हल्ली नुसता खांद्यावर हात ठेवला तरी ती अंग चोरते. मी झोपायला जाईपर्यंत ती झोपलेली असते, किंवा तसं दाखवते. एकदा मी विचारलं, "मी तुला आवडेनासा झालोय का?" तर रडायलाच लागली. तेव्हापासून मी विषय काढलेला नाही. मला तिच्यावर कसलाही दबाव आणायचा नाही. पण हे असंच राहिलं तर आम्ही फक्त मुलीचे आईबाप म्हणून उरू, याची भीती वाटते. हे बोलायचं कसं? आणि तुमचं उत्तर तिला वाचायला दिलं तर चालेल का?

उत्तर

तिनं मध्येच थांबवलं, एवढं लिहून तुम्ही पुढे गेलात. का थांबवलं, ते पत्रात नाही. मला वाटतं, तुम्ही ते तिला विचारलेलंच नाही. आणि तिनंही आपणहून सांगितलेलं नसणार, कारण डॉक्टर "हरकत नाही" म्हणाले होते. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे आणि आपल्याला तर सहन होत नाही, म्हणजे खोट आपल्यातच असणार, असा हिशोब पुष्कळ बायका मनातल्या मनात करतात आणि गप्प बसतात. म्हणून बोलायचं कसं याआधी, तिथं काय घडलं असू शकतं ते बघू.

सहा आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टर जखम भरली का, गर्भाशय जागेवर आलं का, जंतुसंसर्ग नाही ना, हे बघतात. "हरकत नाही" याचा अर्थ संबंध आले तर धोका नाही, एवढाच. दुखणार नाही, असं ते सांगत नसतात. इच्छा परत आली असेल, असं तर मुळीच नाही. टाक्यांची वरची त्वचा काही आठवड्यांत भरते. आतली शिवण मऊ व्हायला, ताणली तर खेचल्यासारखी न होण्याइतकी लवचीक व्हायला मात्र महिनोन् महिने लागू शकतात.

त्यात ती अंगावर पाजते आहे. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन जास्त असतं तेव्हा बीजकोष शांत बसतात आणि इस्ट्रोजेन खाली जातं. योनीमार्गाचं अस्तर जाड आणि ओलसर ठेवायचं काम इस्ट्रोजेनचं. ते कमी झालं की अस्तर पातळ, कोरडं, नाजूक होतं, साधारण पाळी गेलेल्या बाईचं होतं तसं. तीस वर्षांच्या बाईला हे झालं की तिला वाटतं आपण आतून विझलो, आणि नवऱ्याला वाटतं हिला माझ्याबद्दल काही वाटत नाही. खरं म्हणजे या कोरडेपणावरून मनाचा अंदाज बांधताच येत नाही. मनात असूनही अंग साथ देत नाही, असं या काळात सर्रास होतं.

आता पहिल्या वेळी दुखलं असेल तर दुसऱ्या वेळी काय होतं ते बघा. शरीराला आठवण असते. जवळ येताच ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आपोआप आवळले जातात, डोळ्यासमोर हात आला की पापणी मिटते तसे. आवळलेल्या स्नायूंमुळे आणखी दुखतं, आणि पुढच्या वेळी ते आणखी लवकर आवळतात. हे ती करत नाही, तिच्याकडून होतं. "जरा सैल सोड" म्हणून ते सैल होत नाही, उलट आपलं काहीतरी चुकतंय ही टोचणी वाढते.

दुखणं कुठलं, हे तीच सांगू शकेल, पण ढोबळमानाने असं ओळखता येतं. सुरुवातीलाच चरचरतं, आग होते, नंतर लघवीच्या वेळीही झोंबतं, तर कोरडेपणा असण्याची शक्यता जास्त. एकाच जागी, नेमकं टाक्यांवर, खेचल्यासारखं किंवा टोचल्यासारखं होतं, तर तो व्रण आहे. आणि पुढे जायला जागाच नाही, भिंत लागल्यासारखं वाटतं, तर स्नायू आवळलेले आहेत. बऱ्याचदा तिन्ही थोडं थोडं असतं.

यातल्या प्रत्येकावर उपाय आहे आणि त्यातला एकही "वेळ जाऊ द्या, होईल" असा नाही. कोरडेपणासाठी पाण्यावर आधारलेलं ल्युब्रिकंट जेल औषधांच्या दुकानात मिळतं. ते भरपूर वापरायचं असतं. लोक थेंबभर लावतात आणि म्हणतात उपयोग नाही. साधं तेल लेटेक्सच्या कंडोमबरोबर वापरू नका, कंडोम कमकुवत होऊन फाटू शकतो. जेलनं भागलं नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ कमी मात्रेचं इस्ट्रोजेन असलेलं, तिथेच लावायचं क्रीम देऊ शकतात. दूध पाजतेय हे सांगूनच विचारायचं. व्रण दुखत असेल तर तो डॉक्टरांना हातानं तपासायला लावायचा. नुसतं लांबून बघून तो कळत नाही.

आवळलेल्या स्नायूंसाठी पेल्विक फ्लोअरचं काम करणारे फिजिओथेरपिस्ट असतात. इथे एक गोष्ट हमखास उलटी होते. बाळंतपणानंतर जो तो कीगलचे व्यायाम सांगतो, म्हणजे तेच स्नायू आवळायचे. ज्यांचे ढिले पडलेत त्यांना त्याचा फायदा होतो. पण जिचे आधीच घट्ट आवळलेले आहेत, तिनं आणखी आवळण्याचा सराव केला तर दुखणं वाढतं. तिला सैल सोडायला शिकायचं असतं, आणि कुठलं शिकायचं ते तपासल्याशिवाय कळत नाही.

आता खांद्यावरच्या हाताकडे येते. हात ठेवल्यावर ती अंग चोरते, याचा तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास झालाय, ते दिसतंय. पण तुम्हीच आठवून बघा, गेल्या काही महिन्यांत तुम्ही तिला हात कधी लावलात? दिवसा, कामाच्या धांदलीत, सहज जाता जाता? की रात्री, मुलगी झोपल्यावर, मनात थोडी आशा ठेवून? दुसरं असेल तर तो हात नुसता हात राहत नाही. त्याच्यामागे प्रश्न असतो आणि तिला त्याचं उत्तर द्यावं लागतं. हो म्हणायचं तर दुखण्याची भीती, नाही म्हणायचं तर तुमचा पडलेला चेहरा. या दोन्हींतून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे हातच येऊ न देणं. म्हणून ती तुमच्याआधी झोपते. जिला नवऱ्याची मिठी मनापासून हवी असते तीसुद्धा ती टाळायला लागते, कारण मिठी मिठीवर थांबेल याची खात्री तिला उरलेली नसते.

शिवाय दिवसभर तिच्या अंगावर कोणीतरी असतंच. दहा महिन्यांचं मूल कडेवर चढतं, केस ओढतं, गळ्यातलं ओढतं, दूध पिता पिता दुसऱ्या हाताने चिमटे काढतं. रात्री ते झोपलं की पहिल्यांदा तिचं अंग तिचं एकटीचं होतं. नेमक्या त्याच वेळी तुमचा हात येतो. छातीबद्दल तर आणखी अवघड. तुमच्या आठवणीत ती जवळीकीची जागा आहे, तिच्यासाठी सध्या ती कामाची जागा आहे, दुखरी, ओली, जपायची. जवळीकीच्या वेळी दूध येऊ लागणंही अगदी स्वाभाविक आहे, कारण दूध सोडायला लावणारं ऑक्सिटोसिन तेव्हाही स्रवतं. हे कोणी आधी सांगितलेलं नसेल तर बाई शरमेनं आक्रसून जाते.

एका जोडप्याचं उदाहरण देते, ओळख पटणार नाही इतपत बदलून. नवरा चांगला होता, बायकोचा भार हलका करायचा म्हणून रात्रीची भांडी तो घासायला लागला. सुरुवातीला तिला बरं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की ज्या रात्री भांडी चकचकीत, त्या रात्री तो लवकर खोलीत येतो. माझ्यासमोर ती त्याला म्हणाली, "तू नळ सोडलास की मला धडकी भरते." तो थक्क झाला. त्याच्या मते त्यानं एका शब्दानेही कधी मागणी केली नव्हती. ते खरंच होतं. पण नकार मिळाला की तो उसासा टाकून कुशीवर वळायचा आणि दुसऱ्या दिवशी चहा होईपर्यंत बोलायचा नाही. तुम्ही लिहिलंय की दबाव आणायचा नाही, आणि माझा त्यावर विश्वास आहे. फक्त उसासा, अबोला, "किती महिने झाले माहितीये का" हे सुद्धा दबावच असतात, ते एकदा स्वतःत तपासून बघा. घरकाम करा, रात्रीचं मूल सांभाळा, ते तुमच्याच घराचं आणि तुमच्याच मुलीचं आहे. त्याची पावती रात्री मागू नका.

इच्छेबद्दल एक गोष्ट दोघांनाही माहीत असायला हवी. आपल्याला वाटतं इच्छा आधी होते आणि मग माणूस जवळ जातो. नव्या नात्यात बहुतेकदा असंच असतं. पण रोझमेरी बॅसन या कॅनडातल्या डॉक्टरांनी 2000 साली मांडलं की पुष्कळ बायकांचं, विशेषतः जुन्या नात्यात, उलट्या क्रमानं होतं. सुरुवातीला मन कोरं असतं, ना हो ना नाही. निवांतपणा असेल, स्पर्श सुखाचा असेल, पुढे काय होईल याची धास्ती नसेल, तर इच्छा वाटेत जागी होते. तुमची बायको आपणहून पुढाकार घेत नाही म्हणजे तिच्यातली इच्छा संपली, असं यातून ठरत नाही. पण याचा सोयीस्कर अर्थही काढू नका. "सुरू तर करू, मग लागेल गोडी" हे इथे बसत नाही. कोरं मन आणि नको म्हणणारं मन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सध्या तिचं मन नको म्हणतंय, बहुधा रास्त कारणानं.

त्यामुळे आधी नकोची कारणं हलवायची. नवरे सहसा उलट टोकापासून सुरुवात करतात. नवा गाऊन आणतात, मुलीला कोणाकडे तरी ठेवून एका रात्रीचा बेत आखतात. दुखणं जिथल्या तिथे असताना असा बेत म्हणजे तारीख लावलेली परीक्षा. त्यापेक्षा ती सलग चार-पाच तास झोपेल अशी रात्र आठवड्यातून काही वेळा जमवा, मूल तुमच्याकडे आणि मूल रडलं तर उठायचं तुम्ही. झोप नसलेल्या शरीराला जवळीक सुचत नाही, ते फक्त उशी शोधतं.

आणि गर्भनिरोधनाचा विचार तुम्ही करा. दूध पाजताना दिवस राहत नाहीत, या समजुतीवर राहू नका. ते संरक्षण तीन अटी एकत्र असतील तरच भरवशाचं असतं: बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी सुरू झालेली नको, आणि बाळ रात्रंदिवस फक्त अंगावरच पीत असायला हवं. तुमची मुलगी दहा महिन्यांची आहे, म्हणजे तो काळ गेला. पाळी आलेली नसली तरी पहिल्या पाळीच्या आधीच बीज सुटू शकतं. तिच्या मनात ही भीती असेल आणि ती बोललीही नसेल. कंडोम आणून ठेवणं, पुढच्या सोयीसाठी डॉक्टरांना एकत्र भेटू असं सुचवणं, हे तुमच्याकडून यायला हवं.

आता बोलण्याकडे. तुमचा तो प्रश्न, "मी आवडेनासा झालोय का", तिला का लागला असेल? कारण त्यात ती अडकली. नाही म्हणाली, तर मग जवळ का येत नाहीस हे पुढचं आलंच. हो म्हणणं तर शक्यच नाही. आणि एवढ्या दमणुकीत आता तुमचीही समजूत घालायची. प्रश्न तुमच्याबद्दल होता आणि काम तिच्यावर पडलं.

विषय पलंगावर काढू नका, रात्री काढू नका, नकारानंतर तर अजिबात नको. दिवसाची वेळ बघा, मुलगी नुकती झोपलेली असेल, दोघांची पोटं भरलेली असतील. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी शेजारी बरं, चालताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना. डोळ्यात डोळे घालून हा विषय बोलणं भल्याभल्यांना जड जातं. आणि सुरुवातीलाच सांगून टाका की दहा मिनिटांचं आहे आणि आजच काही ठरवायचं नाही.

शब्द तुमचे तुम्ही निवडा, पण काहीसे असे असावेत: "त्या दोन्ही वेळांबद्दल मी तुला काही विचारलंच नाही. तुला दुखत होतं का?" एवढं म्हणून गप्प बसा. खरंच गप्प. ती लगेच बोलली नाही तर मधली शांतता भरून काढू नका. ती "हो" म्हणाली तर "मग तेव्हाच का नाही सांगितलंस" हे जिभेवर येईल, ते गिळा. "बरं झालं सांगितलंस. दुखणार असेल तर मला ते नकोच आहे" एवढं पुरे. त्या दिवसासाठी तेवढंच पुरे.

ती "दुखत नव्हतं, मला नकोच वाटतं" असंही म्हणेल. तेही ऐकून घ्यायची तयारी ठेवून जा. "नको वाटतं ना, ठीक आहे. कशानं जास्त नको वाटतं ते कधी सांगावंसं वाटलं तर सांग." किंवा चिडेल: "तुला तेवढंच सुचतं का?" तेव्हा बचाव करू नका, पण खोटंही बोलू नका. "तेही हवंसं वाटतं, नाही कसं म्हणू. पण जास्त आठवण येते ती आपण एकमेकांना टेकून बसायचो त्याची." हे तुमच्या बाबतीत खरं असेल तरच म्हणा. तुमची इच्छा असणं हा गुन्हा नाही, ती लपवली तर तिला ती वासानं कळतेच आणि मग तुमच्या प्रत्येक शब्दावरचा विश्वास उडतो. ती इच्छा पुरवणं हे सध्या तिचं काम नाही, एवढंच. स्वतःचं स्वतः बघा, त्यात कमीपणा नाही, आणि त्याचा टोमणा होऊ देऊ नका.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या बोलण्यात, घाई न करता, एक प्रस्ताव मांडा: पुढचे सहा आठवडे संबंध नाहीत. ठरवून नाहीत. तसेही नाहीतच, असं तुम्ही म्हणाल. पण आत्ता ते रोज रात्री नव्याने टाळावं लागतंय, आणि उघड बोलून बाजूला ठेवलं की टाळायला काही उरत नाही. मग खांद्यावरचा हात खांद्यावरच राहणार, हे तिला माहीत असतं. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी 1970 च्या सुमारास उपचाराची जी पद्धत मांडली तिचा पायाच हा होता, आणि लैंगिक समस्यांवर काम करणारे समुपदेशक आजही ती थोड्याफार फरकाने वापरतात.

पहिले दोन आठवडे फक्त दिवसाचा, छोटा स्पर्श. जाता जाता पाठीवर हात, बाहेरून आल्यावर मिठी. इथे एक बारीक गोष्ट आहे: हात आधी तुम्ही काढायचा. ती अंग सोडवून घेण्याआधी. सुरुवातीला तिच्या खांद्यांत ताठरपणा जाणवेल. तुम्हीच मागे सरता हे काही दिवस अनुभवल्यावर तो कमी होतो, आणि एखाद्या दिवशी तीच क्षणभर जास्त टेकते. ते लक्षात आलं तरी बोलून दाखवू नका.

मग पुढच्या आठवड्यांत, तिची तयारी असेल तर, आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं. कपडे हवे तेवढे अंगावर. एकानं दुसऱ्याचे हात, पाठ, डोकं, पाय नुसते हातानं जाणून घ्यायचे, मग अदलाबदल करायची. छाती आणि खालचा भाग पूर्ण वर्ज्य. ज्याला स्पर्श होतोय त्यानं एवढंच सांगायचं, इथे बरं वाटतं, इथे नको, जरा हलक्या हातानं. मालिश करून दमवायचं नाही, उत्तेजित करायचं नाही. मध्येच मूल उठेल, उठू द्या. उरलेलं त्या दिवशी पूर्ण करायचा हट्ट नको. एखाद्या आठवड्यात एकदाही जमणार नाही, तेही चालतं.

हे बहुतेक बिघडतं ते चांगलं चाललेलं असतानाच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती हसते, स्वतःहून जवळ सरकते, आणि नवऱ्याला वाटतं, झालं, आता नियम कशाला. त्या रात्री नियम मोडला आणि पुन्हा दुखलं, तर आधीचे सगळे आठवडे तिच्या लेखी आमिष ठरतात. म्हणून तिनं स्वतः "आज चालेल" म्हटलं तरी त्या रात्री थांबा. दुसऱ्या दिवशी उजेडात पुन्हा बोला, मग ठरवा. तोवर दुखण्याची तपासणी झालेली हवी. पुढे जायचं तेव्हाही लगेच पूर्ण संबंध नव्हे. आत येणं सगळ्यात शेवटी, भरपूर जेल लावून, वेग आणि खोली तिच्या हातात राहील अशा रीतीनं, आणि "थांब" म्हटलं की त्या क्षणी, चेहरा न पाडता. पुष्कळ जोडप्यांना त्या टप्प्याआधीच एवढं समाधान मिळतं की शेवटची घाई राहत नाही.

मूल अंगावर पिणं कमी झालं, पाळी परत आली की कोरडेपणा बहुधा आपोआप कमी होतो. आवळण्याची सवय मात्र आपोआप जातेच असं नाही, म्हणून दुखत असेल तर दूध सुटेपर्यंत थांबू नका. डॉक्टरांकडे "जरा त्रास होतो" म्हणून चालत नाही, घाईत ते "होईल कमी" म्हणून सोडून देतात. "संबंधाच्या वेळी टाक्यांच्या जागी दुखतं, तपासून सांगा" असं नेमकं वाक्य लागतं. ती म्हणाली तर तुम्ही सोबत जा, नाही म्हणाली तर मुलीला घेऊन बाहेर बसा.

ती रडली, हे मी सोडून दिलेलं नाही. एका प्रश्नावर रडणं वेगळं. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस उदास असणं, कशातच रस न वाटणं, मूल झोपलं तरी झोप न लागणं, आपण वाईट आई आहोत असं घोकत राहणं, असं काही दिसत असेल तर तो प्रसूतीनंतरचा नैराश्याचा आजार असू शकतो. तो बाळंतपणानंतर लगेचच होतो असं नाही, पहिल्या वर्षभरात कधीही डोकं वर काढतो. डॉक्टर 1987 पासून वापरात असलेली एडिनबरा प्रश्नावली देतात, दहाच प्रश्न असतात, आणि दूध पाजतानाही उपचार घेता येतात. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, एकटं सोडू नका. याच वर्षात काहींच्या थायरॉइडला सूज येऊन कमालीचा थकवा येतो, रक्त कमी असेल तरी तसंच, तेव्हा या दोन्हींची रक्ततपासणी करून घ्यायला हरकत नाही. आणि बापांनाही नैराश्य येतं. तुमची भीती रात्री झोपू देत नसेल तर तुम्हीही कोणाशी तरी बोला. ते ओझं उतरवायला सध्या बायकोचा खांदा वापरू नका.

राहिला प्रश्न हे उत्तर तिला दाखवण्याचा. पहिल्या बोलण्याआधी दाखवू नका. "बघ, तज्ज्ञ काय म्हणतायत" असं होईल, आणि आपल्या शरीराबद्दल तुम्ही परक्या माणसाला आधी सांगितलं, हे तिला लागेल. आधी तिचं ऐका. मग सांगून टाका की मला काही सुचत नव्हतं म्हणून मी पत्र लिहिलं होतं, नाव दिलेलं नाही, उत्तर आलंय. वाचायचं की नाही ते तिला ठरवू द्या. वाचलं तर तुम्ही त्या वेळी समोर बसू नका. आणि यातलं एखादं वाक्य तिला पटलं नाही, तर ते वाक्य सोडून तिचं म्हणणं धरा.